चुना कमी पडतो तेव्हा

घाटावरचे पाहुणे आले की आपण कोकणातल्या पाण्याचं कौतुक सांगतो. साबणाला भरपूर फेस येतो, डाळ पटकन शिजते, गीझरमध्ये पांढरा थर धरत नाही. सगळं खरं आहे. जांभ्यातून झिरपलेलं पाणी असंच असतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो युगानुयुगं पडत आला आहे. दगडात जो काही चुना होता तो केव्हाच समुद्राला मिळाला, मागे लोखंड आणि ॲल्युमिनियम उरलं. म्हणून जांभा लाल आणि विहिरीचं पाणी मऊ, किंचित आंबटाकडे झुकलेलं.

मी सांडपाणी शुद्धीकरणाची म्हणजे एसटीपीची कामं बघते. रत्नागिरी आणि आसपासच्या सोसायट्या, दोन-चार रिसॉर्ट. या मऊ पाण्याने माझ्याइतकं कुणाला छळलं नसेल. आणि छळायची त्याची रीत इतकी गुळगुळीत आहे की आजार पाण्यात आहे हे लवकर कुणाच्या ध्यानातच येत नाही. दोष जातो टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला, ऑपरेटरला नाहीतर बिचाऱ्या जीवाणूंना.

एका सोसायटीचंच उदाहरण घेते. शंभर-सव्वाशे फ्लॅट, दिवसाला साधारण ६० हजार लिटर सांडपाणी, एमबीबीआर पद्धतीचा प्लांट. या पद्धतीत हवेच्या टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चकत्या सोडलेल्या असतात, त्यांना आम्ही मीडिया म्हणतो. चकत्यांच्या आतल्या खणांत जीवाणूंचा तपकिरी, बुळबुळीत थर चढतो आणि काम तोच करतो. पाणी दिसायला उत्तम होतं, गढूळपणा नाही. तक्रार आली ती खजिनदारांकडून: हायपो फार लागतो. शुद्ध केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला वापरायचं म्हणून शेवटी त्यात हायपो, म्हणजे क्लोरीन, घालतात. कॅनवर कॅन रिकामे होत होते आणि तरीही तपासणीत मोकळा क्लोरीन शून्य.

क्लोरीन गिळणारा असा भुकेला पाहुणा बहुतेक वेळा अमोनियाच असतो. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्याच्याशी जुळतो आणि मोकळा उरतच नाही. तो हिशोब एकास सातच्या वर जातो: अमोनियाच्या रूपातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन संपवायला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन लागतो. बाहेर पडणारं पाणी तपासलं तर लिटरला २२ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन. आत येणाऱ्या सांडपाण्यात होता ४०. म्हणजे अर्धाही गेला नव्हता. उरलेला हायपोने मारायचा म्हटलं तर सोसायटी वर्षभरात भिकेला लागली असती.

ऑपरेटर पोरगा मेहनती. म्हणाला, "ताई, ब्लोअर रात्रंदिवस चालू आहे. जीवाणूंच्या कल्चरची दोन पाकिटं टाकली, शेणपण टाकलं." शेणाचं हे प्रकरण आमच्या धंद्यात काही केल्या सुटत नाही. शेणात असतात ते गाईच्या पोटातले जीवाणू. त्यांना हवा नको असते आणि अमोनियाशी त्यांना देणंघेणं नसतं. नवा प्लांट सुरू करताना दुसऱ्या चालू प्लांटचा गाळ आणून टाकावा, ते शहाणपण. शेण टाकून आपण सांडपाण्यात आणखी सांडपाणी घालतो.

अमोनिया खाणारे जीवाणू वेगळ्याच जातीचे. ते अमोनिया आणि प्राणवायू यांच्या संयोगातून निघणाऱ्या जेमतेम ऊर्जेवर जगतात, आणि अंग बांधायला लागणारा कार्बन अन्नातून नव्हे तर पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेटमधून घेतात. त्यामुळे वाढ फार सावकाश. साधे सांडपाणी खाणारे जीवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात. यांना चांगल्या उबेतही अर्धा दिवस ते एक-दोन दिवस लागतात. काम दोन टप्प्यांत चालतं. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. दोन्ही कामं एकटाच उरकणारा नायट्रोस्पिराही असतो, हे २०१५ साली कळलं. त्यातला एक गट सापडला तो माशांच्या पैदाशीच्या केंद्रातल्या गाळणीत. आम्ही सगळे वर्षानुवर्षं "दोघांचं काम, दोघांचं काम" असं शिकवत आलो होतो!

आमच्या गोष्टीचा पेच पहिल्या टप्प्यात आहे. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल सुटतं. ते आम्ल मुरवायला पाण्यात बायकार्बोनेट लागतं. त्याचं मोजमाप म्हणजे अल्कॅलिनिटी, आणि ती चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत सांगतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला ७.१४ मिलिग्रॅम अल्कॅलिनिटी खर्ची पडते. ती संपत आली की पीएच घसरतो आणि जीवाणू काम मंदावतात. मरत नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांचं एन्झाइम पकडतं ते नुसत्या अमोनियाला. आम्लात तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात जातो. ताट समोर आहे, पण घास उचलता येत नाही. वर बायकार्बोनेटही नाही, म्हणजे अंग बांधायचा कार्बनही तुटपुंजा.

घाटावर, काळ्या बेसॉल्टच्या मुलखात, बोअरच्या पाण्यातच बऱ्याचदा दोनशे-तीनशे अल्कॅलिनिटी असते. तिथल्या ऑपरेटरला हा शब्द माहीत नसला तरी त्याचं काही अडत नाही. प्लांटचे आराखडे बहुधा तिकडेच बनतात आणि इकडे जसेच्या तसे उभे राहतात. चुन्याचं द्रावण सोडायचा पंप त्यात नसतो, कारण तो कधी लागलाच नव्हता.

अल्कॅलिनिटी मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मासे पाळणारे वापरतात ती केएचची बाटली माझ्या पिशवीत कायम असते. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं आणि थेंब टाकत जायचं. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं, मग एका थेंबाला एकदम पिवळं पडतं. तो कितवा थेंब ते मोजायचं. एक थेंब म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम. सोसायटीच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच थेंबाला पिवळं पडलं. आत येणारं सांडपाणी दहाव्या थेंबाला. हवेच्या टाकीतलं तिसऱ्याला, आणि तिथला पीएच ६.२.

विहिरीत ३० आणि सांडपाण्यात १७५, मग मधली वाढ आली कुठून? माणसांतून. लघवीतला युरिया फुटतो तेव्हा अमोनियाबरोबर बायकार्बोनेटही तयार होतं. १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे साडेतीन मिलिग्रॅमच्या थोडी वर अल्कॅलिनिटी. ४० नायट्रोजनचे झाले १४३, त्यात विहिरीचे ३०, बेरीज १७३. थेंबांनी जवळपास तेच सांगितलं होतं. म्हणजे माणूस अमोनियाबरोबर तो निस्तरायचा अर्धा खर्च स्वतःच देतो. उरलेला अर्धा पाण्याने द्यायचा असतो, आणि कोकणातलं पाणी इथे हात वर करतं.

पूर्ण अमोनिया घालवायला हवेत ४० गुणिले ७.१४, म्हणजे २८६. हाताशी १७३. त्यातलेही शेवटचे चाळीस-पन्नास वापरता येत नाहीत, कारण तोवर पीएच घसरून काम थांबतं. उरले १२५-१३०, त्यांत जेमतेम १८ मिलिग्रॅम नायट्रोजनचं काम होतं. ४० वजा १८ किती? २२. बाहेर नेमका तेवढाच अमोनिया येत होता. कागदावरचा आकडा आणि नळीतला आकडा असा गळ्यात गळा घालून आला की मला आजही लहान मुलासारखा आनंद होतो.

पण कमिटीला आकडेमोड पटत नाही, डोळ्यांनी दिसावं लागतं. म्हणून बरण्यांचा प्रयोग केला, आणि तो कुणीही करू शकेल असा आहे. काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत हवेच्या टाकीतलं लिटर-लिटर पाणी आणि मूठ-मूठ मीडिया. एका बरणीत खायचा सोडा पाव चमचा, दुसरीत काही नाही. माशांच्या टाकीचा दोन नळ्यांचा हवेचा पंप लावून दोन्हींत सारखे बुडबुडे सोडले आणि ऑफिसच्या टेबलावर ठेवून दिलं. संध्याकाळी दोन्हींतलं पाणी माशांच्याच अमोनिया किटने बघितलं. ते किट ८ मिलिग्रॅमच्या पुढे मोजत नाही, म्हणून नमुना डिस्टिल्ड वॉटरने पाचपट पातळ करून घ्यायचा आणि उत्तर पाचाने गुणायचं. साध्या बरणीतलं पाणी सकाळइतकंच गडद हिरवं. सोड्याच्या बरणीतलं पिवळ्याकडे झुकलेलं, अमोनिया पाचच्या खाली. चेअरमन चष्मा कपाळावर चढवून दोन्ही नळ्या बराच वेळ उजेडात धरून होते. जीवाणू तेच, हवा तीच, फरक पाव चमचा सोड्याचा. खरं तर जीवाणू शाबूत आहेत याचा पुरावा आधीच होता: बाहेरच्या पाण्यात नायट्रेट होतं. कुणीतरी ते तयार केल्याशिवाय येतं कुठून? नायट्रेट असेल तर कल्चरच्या पाकिटावर रुपया घालवू नये, हे मी आता छापून वाटायची बाकी आहे.

हेच दुखणं माशांच्या टाकीत झालं तर वेगळ्या वेषात येतं, आणि तिथे ते जास्त क्रूर असतं.

आमच्या शेजारी निवृत्त गुरुजी राहतात. गोल्डफिशची शंभर लिटरची टाकी, चार वर्षं उत्तम चाललेली. पाणी विहिरीचं, बदलायचं कमी, उडालं तेवढी भर घालायची. पाहुणे येणार म्हणून गुरुजींनी एके दिवशी अर्धं पाणी काढलं आणि त्या आठवड्यात विहिरीचा पंप बिघडलेला असल्याने खाडीकडच्या एका बोअरचं पाणी आणून भरलं. रात्री मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेऊ लागले, सकाळी तीन मेलेले. गुरुजी माझ्यावरच रागावल्यासारखे बोलले, "अगो, घाण पाण्यात चार वर्षं जगले, आणि स्वच्छ पाण्यात एका रात्रीत मेले. हे कुठलं शास्त्र?"

शास्त्र असं. चार वर्षांत गाळणीतल्या जीवाणूंनी विहिरीच्या पाण्यातली होती नव्हती ती अल्कॅलिनिटी संपवली होती. गुरुजींनी काढलेलं जुनं पाणी बादलीत शिल्लक होतं. केएचच्या पहिल्याच थेंबाला ते पिवळं पडलं. पीएच ६. काम मंदावल्यामुळे अमोनिया साठत साठत ८ मिलिग्रॅमवर पोचला होता. मग मासे जिवंत कसे? कारण पीएच ६ ला आणि आपल्याकडच्या २८ अंशांत त्यातला हजारातला एक भागसुद्धा विषारी अमोनियाच्या रूपात नसतो. बाकीचा अमोनियम, आणि तो कल्ल्यांना फारसा बाधत नाही. आकड्यांत ०.००६ मिलिग्रॅम विष. अर्धं पाणी बदलल्यावर एकूण अमोनिया निम्मा, ४ झाला. पण बोअरच्या कठीण पाण्याने पीएच ७.८ वर नेला, आणि तिथे विषारी भाग शंभरात चारच्या वर जातो. म्हणजे ०.१७. एकूण अमोनिया अर्धा होऊनही विष जवळपास तीसपट. त्यात पीएचची एवढी उडी काही मिनिटांत, तीही माशांना सोसत नाहीच.

जुन्या टाकीत असं झालेलं दिसलं तर एकदम पाणी बदलायचं नाही. आधी त्याच विहिरीचं पाणी रोज थोडं थोडं, टाकीच्या दहाव्या हिश्शाएवढं, बदलत अमोनिया उतरवायचा, खाणं तोडायचं, आणि अमोनिया एकच्या खाली आल्यावरच अल्कॅलिनिटी हळूहळू वाढवायची. आधी सोडा घातला तर गुरुजींच्या बोअरचंच काम आपल्या हाताने होतं. एसटीपीत मात्र मासे नसतात, तिथे पीएच बेधडक वर आणता येतो. एकच आजार, पण औषधाचा क्रम उलटा.

एक बारीक मुद्दा. आम्लात सगळ्याच टाक्या अडतात असं नाही. गोड्या पाण्याच्या बऱ्याच टाक्यांत अमोनिया खाणारे जीव जीवाणू नसून आर्किया नावाच्या दुसऱ्याच कुळातले असतात, आणि त्यांतल्या काहींना अगदी कमी अमोनिया पुरतो. त्यामुळे कमी मासे, भरपूर वनस्पती असलेली टाकी पीएच ६ लाही शांत चालते. गोल्डफिश हे खादाड आणि घाण करणारे मासे. तिथे तो दिलासा पुरत नाही.

चुन्याची ही गरज नवी नाही. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी मीटरभर लांबीच्या काचेच्या नळीत वाळू भरून वरून गटाराचं पाणी झिरपवलं. सुमारे वीस दिवस काही झालं नाही, मग खालून अमोनियाऐवजी नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ दिली, काम बंद. मातीचं पाणी घातलं, पुन्हा सुरू. हे काम सजीवांचं आहे हे तिथे सिद्ध झालं. पुस्तकांत एवढंच सांगतात, पण त्यांनी वाळूत चुनखडीची पूड मिसळली होती हे मला जास्त मोलाचं वाटतं. ती नसती तर काय झालं असतं, ते मला सोसायटीच्या टाकीने दाखवलं.

गुरुजींच्या गाळणीत आम्ही तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टरफलं घातली. स्वयंपाकघरातलीच, उकळून, वाळवून, खलबत्त्यात जाडसर कुटून, दोन मुठी जाळीच्या पिशवीत. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकलं की ते विरघळतं, पीएच साडेसातच्या आसपास गेला की विरघळणं जवळपास थांबतं. जास्त घातली म्हणून बिघडत नाही. मात्र त्यांच्यावर बुळबुळीत थर चढतो आणि मग ती नुसती शोभेची राहतात, म्हणून महिन्याकाठी टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावी लागतात. किनाऱ्यावर प्रवाळाचे तुकडे मिळाले तरी घेऊ नयेत. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे.

सोसायटीतही टरफलंच टाकू या, अशी सूचना सभेत आलीच. रत्नागिरीत फुकट मिळतील, खरं. पण हिशोब मांडला. गरज २८६ ची, त्यावर सुरक्षिततेला ७० धरले तर ३५६; हाताशी १७३. तूट १८३ ची, आणि ६० हजार लिटरला ती रोज अकरा किलो कॅल्शियम कार्बोनेट होते. तेवढी टरफलं एका दिवसात विरघळायला टाकीत डोंगर लागेल, आणि सांडपाण्यात त्यांच्यावर थर दोन दिवसांत चढेल. खायचा सोडा घालावा तर रोज अठरा किलो. बिनधोक, कारण त्याने पीएच साडेआठाच्या फार वर जात नाही, पण महाग. विझवलेला चुना आठ किलोत भागतो आणि स्वस्त, फक्त हात चुकला तर पीएच दहावर जाऊन जीवाणूंचा थर जळतो.

त्याआधी एक फुकटची वाट होती. टाकीच्या पहिल्या कप्प्याची हवा बंद करून शेवटच्या कप्प्यातलं नायट्रेटचं पाणी पंपाने तिथे परत आणलं. हवा नसली की साधे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, नायट्रोजन वायू होऊन उडून जातो, आणि खर्च झालेल्या अल्कॅलिनिटीतली निम्मी परत मिळते. अर्ध्या नायट्रेटचं असं झालं तरी तूट १८३ वरून ११२ वर येते, आणि चुना रोज पाच किलो पुरतो. ब्लोअरची वीजही वाचली, यावर खजिनदार पहिल्यांदा हसले.

चुना पिंपात कालवून, दगड खाली बसू देऊन, वरचं दुधाळ पाणी दिवसभर बारीक धारेने सोडायचं. एकदम ओतायचं नाही. पंपाची नळी आठवड्याला व्हिनेगरने धुवायची, नाहीतर ती चुन्याने तुंबते आणि ऑपरेटरच्या वहीत मात्र "डोस दिला" असं लिहिलेलं राहतं. सकाळी टाकीत पीएच ७ ते साडेसात, बाहेरच्या पाण्यात केएचचे चार थेंब. तीनच थेंब निघाले तर धार वाढवायची. पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतं, तेव्हा अमोनियाही पातळ होतो आणि अल्कॅलिनिटीही, पण पाण्याचं प्रमाण वाढतं. त्या दिवसांत वहीतल्या किलोंवर न जाता थेंबच मोजायचे. पंधरवड्याने बाहेरचा अमोनिया दोनच्या आत आला, आणि हायपोचा खप इतका उतरला की पुरवठादाराने फोन करून विचारलं, प्लांट बंद पडलाय का?